प्रथिनचूर्णे आणि पोटाच्या तक्रारी : दोष प्रथिनांचा की सोबत आलेल्या शर्करेचा?

गेल्या काही वर्षांत आपल्या चिकित्सालयांत एक नवा रुग्णवर्ग नियमितपणे दिसू लागला आहे. वय वीस ते तीस, शरीर सुदृढ, भूक उत्तम, कोणताही जुना व्याधी नाही. आणि तक्रार मात्र एकच : पोट फुगते, गुडगुडते, वायू फार सरतो आणि दिवसातून तीनचार वेळा पातळ मलप्रवृत्ती होते. थोडी अधिक चौकशी केली की रुग्ण व्यायामशाळेत जातो आणि तेथील प्रशिक्षकाच्या सांगण्यावरून प्रथिनांची पूड घेतो, असे समजते. मग आपणही सहज म्हणून जातो, ‘एवढी प्रथिने पचणार कशी? गुरु आहार आहे, अग्नीला झेपत नाही.’ दीपन-पाचन औषध लिहिले जाते, पूड बंद करण्याचा उपदेश होतो आणि रुग्ण पुन्हा येत नाही. तो पूड बंद करत नाही, वैद्य बदलतो.

प्रस्तुत लेखकाचाही काही काळ हाच परिपाठ होता. एका रुग्णाने तो बदलावयास लावला. त्या रुग्णाच्या निमित्ताने एक मुद्दा वाचकांसमोर ठेवावयाचा आहे. तो असा की, या तक्रारींचे कारण पुष्कळदा प्रथिने नसून त्यांच्यासोबत डब्यातून आणि पेल्यातून पोटात जाणारी, न पचणारी शर्करा हे असते. आणि ती किती ग्रॅम जाते हे डब्यावरील मजकुरावरून पाच मिनिटांत काढता येते.

रुग्णवृत्त

रुग्ण पुरुष, वय 24 वर्षे, वजन 58 किलो, संगणक क्षेत्रात नोकरी. अंग भरावे म्हणून तीन महिन्यांपूर्वी व्यायाम सुरू केला. अडीच महिन्यांपासून आध्मान, आटोप, आंबूस वासाची फेसाळ मलप्रवृत्ती दिवसातून तीन ते पाच वेळा आणि गुदस्थानी दाह. ज्वर नाही, मलातून रक्त नाही, रात्री झोपेतून उठून शौचास जावे लागत नाही, वजन घटलेले नाही. जिव्हा किंचित साम, उदर मृदू, स्पर्शासह्यता नाही. मलपरीक्षण करून घेतले होते. त्यात जंतू अथवा कृमी आढळले नाहीत.

प्रथम भेटीत अग्निमांद्य व ग्रहणीदुष्टी गृहीत धरून हिंग्वाष्टक चूर्ण आणि कुटजघनवटी दिली. बल वाढावे ही रुग्णाची इच्छा असल्यामुळे रात्री पेलाभर दुधातून अश्वगंधा चूर्णही सांगितले. पंधरा दिवसांत वेदना थोडी कमी झाली, मलप्रवृत्ती मात्र तशीच राहिली. औषध बदलले. पुन्हा तोच अनुभव.

त्यानंतर रुग्ण गणपतीसाठी आठ दिवस गावी गेला. परत आल्यावर त्याने सांगितले की गावी औषध घ्यावयाचे राहून गेले, जेवण मात्र भरपूर झाले, मोदकही झाले, आणि पोटाची एकही तक्रार उद्भवली नाही. शहरात परतल्यावर दुसऱ्याच दिवशी सर्व लक्षणे पूर्ववत. ज्याचा अग्नी खरोखर मंद आहे त्याला सणासुदीचे जेवण पचते आणि रोजचे पचत नाही, हे जुळत नव्हते. तेव्हा जो प्रश्न पहिल्याच दिवशी विचारावयास हवा होता तो विचारला : गावी काय नेले नव्हते? उत्तर आले, ‘डबा.’ दुसऱ्या दिवशी तो डबा घेऊन येण्यास सांगितले.

आतड्यात नेमके काय घडते

डब्याकडे वळण्यापूर्वी दुग्धशर्करेच्या पचनाची प्रक्रिया थोडक्यात पाहू. दुधातील शर्करा म्हणजे लॅक्टोज. ती दोन साध्या शर्करांची जोडी असून जोडी फुटल्याशिवाय आतड्याच्या भिंतीतून शोषली जात नाही. ती फोडण्याचे काम लहान आतड्याच्या अंतस्त्वचेवरील लॅक्टेज हे पाचकद्रव्य करते. अर्भकावस्थेत ते विपुल असते. स्तनपानाचे वय सरल्यानंतर जगातील बहुसंख्य माणसांत ते हळूहळू घटते. हा रोग नव्हे, देहाचा स्वाभाविक क्रम होय. काही मानवसमूहांत मात्र ते प्रौढपणीही टिकून राहते. आपल्या देशात उत्तरेकडे असे लोक अधिक आणि दक्षिणेकडे कमी आढळतात. लहानपणी भरपूर दूध पचत होते, म्हणून पंचविशीत पचेलच, असे गृहीत धरता येत नाही. रुग्णाचे ‘मी तर लहानपणापासून दूध पितो’ हे विधान त्यामुळे निर्णायक मानू नये.

न फुटलेली दुग्धशर्करा दोन ठिकाणी त्रास देते. लहान आतड्यात ती आपल्याभोवती पाणी खेचून धरते. साधारण 30 ग्रॅम न शोषलेली दुग्धशर्करा समतोल साधेपर्यंत जवळजवळ 300 मि.ली. पाणी आतड्यातच अडकवून ठेवते. हा द्रव वेगाने पुढे सरकतो आणि गुडगुडणे सुरू होते. मोठ्या आतड्यात पोहोचल्यावर तेथील जीवाणू तिचे किण्वन करतात. त्यातून हायड्रोजन, कर्बद्विप्राणिद वायू, काहींमध्ये मिथेन, आणि त्याबरोबर लहान साखळीची आम्ले निर्माण होतात. वायूमुळे आध्मान, आम्लामुळे मलाचा आंबूस वास आणि गुददाह, तर अडकलेल्या पाण्यामुळे द्रवता येते. आपल्या रुग्णाची सर्व लक्षणे या एका सूत्रात बसत होती.

येथे गंधाचा एक उपयुक्त भेद लक्षात ठेवावा. शर्करेच्या किण्वनातून निघणारे मुख्य वायू गंधहीन असतात; वायू पुष्कळ, फुगारा पुष्कळ, परंतु दुर्गंधी बेताची. याउलट सडलेल्या अंड्यासारखी तीव्र दुर्गंधी प्रामुख्याने येत असेल तर गंधकयुक्त प्रथिनांचा काही अंश न पचता मोठ्या आतड्यापर्यंत जात असावा, असा तर्क करता येतो. एका वेळी फार मोठी मात्रा घेणाऱ्यांत हे घडते. पुष्कळ रुग्णांत दोन्ही मिश्र असते, म्हणून गंध हा केवळ दिशा दाखवणारा संकेत समजावा, निदान नव्हे.

‘व्हे’ एक नव्हे, तीन

बाजारातील बहुतांश पुडी ‘व्हे’पासून, म्हणजे दूध फाटल्यावर वेगळ्या होणाऱ्या निवळीपासून, बनतात. दुधातील शर्करा मुख्यतः याच निवळीत उतरते. निवळी गाळून प्रथिने जितकी अधिक वेगळी केली जातील तितकी शर्करा कमी उरते, आणि किंमत तितकी चढते.

कमी गाळलेल्या, सुमारे 35 टक्के प्रथिने असलेल्या व्हे कॉन्सन्ट्रेटमध्ये निम्मा भाग दुग्धशर्करेचाच असतो. 80 टक्के प्रथिनांच्या कॉन्सन्ट्रेटमध्ये ती साधारण 4 ते 8 टक्के उरते. म्हणजे 30 ग्रॅम पुडीत एक ते अडीच ग्रॅम. आयसोलेट या प्रकारात प्रथिने 90 टक्क्यांच्या आसपास असून दुग्धशर्करा बहुधा एक टक्क्याहून कमी असते. तिन्हींना दुकानात ‘व्हे प्रोटीन’च म्हणतात. त्यामुळे ‘व्हे सोसत नाही’ या रुग्णाच्या वाक्याला, कोणते व्हे हे कळेपर्यंत, फारसा अर्थ नाही.

वजन वाढवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या, ‘मास गेनर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पुडींची गोष्ट आणखी वेगळी. त्यांत प्रथिने थोडी आणि माल्टोडेक्स्ट्रिनसारखे पिष्टजन्य पदार्थ भरपूर असतात. प्रथिनांचा काही भाग स्वस्त पडावा म्हणून पुष्कळदा स्निग्धांशरहित दुधाची भुकटी वापरलेली असते. या भुकटीत निम्म्याच्या आसपास दुग्धशर्करा असते. शिवाय अशा पुडींची एका वेळची मात्रा 30 ग्रॅम नसून 75 ते 100 ग्रॅम किंवा त्याहूनही मोठी असते. थोडक्यात, ज्यांना पोटाचा त्रास सर्वाधिक होण्याचा संभव, त्या कृश तरुणांच्याच हाती सर्वाधिक दुग्धशर्करेचा डबा पडतो.

डब्यावरून गणित कसे करावे

डब्यावर दुग्धशर्करेचा आकडा सहसा छापलेला नसतो. परंतु आपल्या देशातील नियमांनुसार पोषणमूल्यांच्या तक्त्यात एकूण शर्करा आणि बाहेरून घातलेली शर्करा असे दोन आकडे द्यावे लागतात. पुडीत फळे, मध अथवा खजूर नसतील तर पहिल्यातून दुसरा वजा केल्यावर जे उरते ते जवळजवळ सर्व दुग्धशर्कराच असते. माल्टोडेक्स्ट्रिन शर्करेत मोजले जात नसल्यामुळे ते या वजाबाकीत येत नाही. मात्र आकडे 100 ग्रॅमला दिले आहेत की एका मात्रेला, हे पाहून घ्यावे. येथेच चूक होते.

आपल्या रुग्णाच्या डब्यावर 100 ग्रॅमच्या एका मात्रेत प्रथिने 20 ग्रॅम, एकूण शर्करा 16 ग्रॅम आणि बाहेरून घातलेली शर्करा 2 ग्रॅम, असे लिहिलेले होते. घटकांच्या यादीत माल्टोडेक्स्ट्रिननंतर दुसरेच नाव दुधाच्या भुकटीचे होते. म्हणजे पुडीतील दुग्धशर्करा सुमारे 14 ग्रॅम. रुग्ण ही पूड पाण्यात न घेता 300 मि.ली. दुधात घेई. गायीचे, म्हशीचे वा पिशवीतील टोन्ड दूध घेतले तरी 100 मि.ली.मध्ये दुग्धशर्करा 5 ग्रॅमच्या आसपासच असते. म्हणून दुधातील 15 ग्रॅम. एका पेल्यात एकूण 29 ग्रॅम, सकाळी रिकाम्या पोटी. आणि संध्याकाळी व्यायामानंतर तेवढेच पुन्हा. दिवसाचे 58 ग्रॅम झाले. त्यात आम्ही सांगितलेल्या अश्वगंधेचे अनुपान, 200 मि.ली. दूध, म्हणजे आणखी 10 ग्रॅम. एकूण 68 ग्रॅम.

या आकड्याचे महत्त्व तुलनेने कळते. लॅक्टेज कमी असलेल्या बहुसंख्य प्रौढांना एका वेळी सुमारे 12 ग्रॅम, म्हणजे एक मोठा पेला दूध, फारसा त्रास न होता सोसते. जेवणासोबत आणि दिवसभरात विभागून घेतल्यास यापेक्षा अधिकही सोसते. दुसऱ्या बाजूला, दुग्धशर्करा पचते की नाही हे तपासण्यासाठी श्वासातील हायड्रोजनची जी परीक्षा करतात, तीत 25 किंवा 50 ग्रॅम दुग्धशर्करा पाण्यातून पाजतात. अर्थात आपला रुग्ण रोज दोनदा त्या परीक्षेची मात्रा घेत होता. फक्त मोजावयास यंत्र नव्हते. अशा मात्रेवर गुण न येणे हा कुटजाचा दोष म्हणता येणार नाही. निदानपरिवर्जन झालेच नव्हते, आणि निदानसेवनात आमच्या अनुपानाची भरही पडत होती.

दूध निर्दोष असेल तेव्हा

प्रत्येक रुग्णात दुग्धशर्कराच सापडेल असे नाही. आयसोलेट पाण्यातून घेणाऱ्याला त्रास होत असेल तर संशयाची सुई अन्यत्र न्यावी. आमच्या अनुभवात आणि ज्ञात माहितीनुसार तीन गोष्टी मुख्य.

पहिली, गोडी आणणारे बहुमद्यार्क म्हणजे पॉलिऑल. सॉर्बिटॉल, माल्टिटॉल ही नावे पुडीपेक्षा प्रथिनांच्या वड्यांवर, म्हणजे ‘प्रोटीन बार’वर, अधिक आढळतात. ही द्रव्ये अर्धवटच शोषली जातात आणि उरलेला भाग दुग्धशर्करेप्रमाणेच वागतो. सॉर्बिटॉल 10 ग्रॅमच्या आसपास वायू करते आणि 20 ग्रॅमच्या पुढे पुष्कळांना रेच होतो. म्हणूनच 10 टक्के किंवा अधिक पॉलिऑल असलेल्या पदार्थावर रेचक परिणामाची सूचना छापणे बंधनकारक आहे. ती बारीक अक्षरांत असते आणि ग्राहक ती वाचत नाही. पुडींतील नेहमीचे सुक्रॅलोज मात्र मिलिग्रॅमच्या मात्रेत असते. एवढ्या मात्रेने पाणी खेचून रेच होणे शक्य नाही. इनुलिन अथवा फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड या नावाने घातलेले तंतू पचत नाहीत, जीवाणूंना मात्र फार प्रिय असतात. ‘आतड्यांसाठी हितकर’ अशी जाहिरात असलेल्या पुडीने अधिक फुगारा धरतो तो यांच्यामुळे.

दुसरी, क्रिएटिन. प्रारंभी पाच ते सात दिवस रोज 20 ग्रॅम घेण्याची पद्धत व्यायामशाळांत रूढ आहे. ती मात्रा 5 ग्रॅमप्रमाणे चार वेळा विभागावयाची असते. तरुण मात्र ती दोनदा 10 ग्रॅम अशी उरकतात. फुटबॉलपटूंवरील 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एका वेळी 10 ग्रॅम घेणाऱ्यांत 5 ग्रॅम दोनदा घेणाऱ्यांपेक्षा अतिसार अधिक आढळला. क्रिएटिन साध्या पाण्यात कमी विरघळते. 5 ग्रॅम पूर्ण विरघळण्यास सुमारे 350 मि.ली. पाणी लागते. पेल्याच्या तळाशी वाळूसारखे बसलेले क्रिएटिन वरून पाणी ओतून गिळले तर ते आतड्यात जाऊन पाणी मागणारच.

तिसरी, वनस्पतिज पुडी. सोयाच्या साध्या पिठात राफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करा असतात. त्या फोडणारे पाचकद्रव्य मानवी आतड्यात नाही. वाल, राजमा यांनी वायू होतो तो याच कारणाने. सोया किंवा वाटाण्याच्या आयसोलेटमध्ये या शर्करा बहुतांश निघून गेलेल्या असतात. म्हणून ‘दूध नको तर सोया घ्या’ असे सांगताना पीठ की आयसोलेट, हेही सांगावे लागते.

यांखेरीज सेवनविधीचाही वाटा असतो. डबीत जोराने हलवून फेस आणलेले पेय, तो फेस बसण्याआधीच, धापा टाकत, दोन घोटांत संपवणे म्हणजे पेयासोबत पुष्कळ हवा गिळणे होय. तीव्र व्यायामात रक्त स्नायूंकडे वळलेले असते व आतड्याचा पुरवठा घटलेला असतो. अर्धा तास थांबून, फेस बसू देऊन, सावकाश प्यायल्यानेच काहींची तक्रार निम्म्यावर येते.

परीक्षण आणि परिणाम

आमच्या रुग्णात दुग्धशर्करेखेरीज आणखी दोन गोष्टी निघाल्या. तो सकाळी 10 ग्रॅम क्रिएटिन एकदम घेत होता. आणि ‘पोट साफ राहावे’ म्हणून आपल्या मनाने रात्री त्रिफळा चूर्ण घेत होता. एका हाताने कुटज आणि दुसऱ्या हाताने त्रिफळा, असा प्रकार चालला होता. तीन कारणे एकत्र असताना सर्व एकदम बंद करून गुण आला तर दोषी कोण हे कळत नाही. म्हणून पुढील क्रम ठरवला.

पहिले सात दिवस पूड, क्रिएटिन, त्रिफळा व पेल्यातील दूध पूर्ण बंद. चहातील दूध चालू, रोजचे जेवण तसेच, जेवणात ताक. अश्वगंधा तूप व कोमट पाण्यातून. तुपात दुग्धशर्करा जवळजवळ नसतेच. आमची औषधेही थांबवली, म्हणजे गुणाचे श्रेय चुकीच्या ठिकाणी जाऊ नये. तिसऱ्या दिवशी वायू कमी झाला, पाचव्या दिवशी बांधून एकदाच मलप्रवृत्ती झाली.

आठव्या दिवसापासून एकेक वस्तू परत आणली. प्रथम क्रिएटिन 3 ग्रॅम, दुपारच्या जेवणानंतर, मोठ्या पेल्यात कोमट पाण्यात विरघळवून. तीन दिवस त्रास नाही. मग आयसोलेट पूड पाण्यातून, आधी 15 ग्रॅम व नंतर 30 ग्रॅम. तीन दिवस त्रास नाही. येथे प्रथिने निर्दोष ठरली. चौदाव्या दिवशी सुटी पाहून सकाळी रिकाम्या पोटी नुसते दूध 300 मि.ली. दिले. दीड तासात पोट गुडगुडले आणि दुपारपर्यंत दोन पातळ मलप्रवृत्ती झाल्या. दोन दिवसांनी तेच दूध 150 मि.ली., जेवणासोबत दिले. काही झाले नाही. म्हणजे दूध त्याला असात्म्य नव्हते, त्याची एका वेळची मात्रा असात्म्य होती. दूध कायमचे बंद करण्याचा निष्कर्ष चुकीचा ठरला असता.

ताक का सोसले, हाही प्रश्न रुग्णाने विचारला. पेलाभर ताकात 50 ग्रॅम दही धरले तर दुग्धशर्करा दोन ग्रॅमच्या आसपास भरते. शिवाय दह्यातील जीवाणूंकडे ती फोडणारे स्वतःचे पाचकद्रव्य असते आणि ते आतड्यातही काही काळ काम करते. ग्रहणीत तक्राचा जो उपयोग आपण परंपरेने करतो, त्याच्याशी हे सुसंगत आहे.

शेवटी प्रथिनांचा हिशेब केला. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीनुसार सामान्य प्रौढास प्रतिकिलो 0.83 ग्रॅम, म्हणजे या रुग्णास सुमारे 48 ग्रॅम प्रथिने रोज हवीत. नियमित वजने उचलणाऱ्यास प्रतिकिलो 1.6 ग्रॅम धरले तर 93 ग्रॅम. त्याच्या जेवणातून 55 ग्रॅमच्या आसपास मिळत होती. उरलेली 38 ग्रॅम. दोन अंड्यांची 12 आणि 30 ग्रॅम आयसोलेटची 26 किंवा 27 धरली की बेरीज जमली. 200 ग्रॅम पुडीची गरजच नव्हती. वजन वाढवण्यासाठी लागणारी ऊर्जा भात, पोळी, तूप आणि शेंगदाणे यांतून स्वस्तात मिळाली. दोन महिन्यांत त्याचे वजन अडीच किलोने वाढले आणि पोटाची तक्रार राहिली नाही.

या पद्धतीची मर्यादाही सांगितली पाहिजे. रुग्णाला आपण काय घेत आहोत हे ठाऊक असते, त्यामुळे मनातील संशयानेही पोट बिघडू शकते. शंका राहिल्यास हायड्रोजन श्वासपरीक्षा करून घ्यावी. तसेच ज्यांचे आतडे मुळातच संवेदनशील आहे अशांना 12 ग्रॅमहून कमी मात्रेनेही त्रास होतो.

पूड दोषी नसते तेव्हा

मलातून रक्त, वजन घटणे, ज्वर, रात्री झोपेतून उठवणारी मलप्रवृत्ती, पांडुता, अथवा पूड थांबवूनही दोन आठवड्यांनंतर टिकणारा अतिसार, यांपैकी काही असेल तर डब्याच्या गणितात अडकून न राहता पुढील तपासण्या कराव्यात. जिआर्डियाचा संसर्ग किंवा नुकताच होऊन गेलेला अतिसार आतड्याच्या अंतस्त्वचेला इजा करून काही आठवडे लॅक्टेज घटवतो. अशा रुग्णाला पूर्वी सोसणारी पूड अचानक सोसेनाशी होते. माल्ट अथवा गव्हाचा अंश असलेल्या पुडीने गव्हातील ग्लुटेन न सोसणाऱ्याची लक्षणे उफाळू शकतात. आणि पूड घेतल्यावर अंगावर पित्त उठणे, ओठ सुजणे, श्वास लागणे ही दुग्धशर्करेची नव्हे, दुधातील प्रथिनांच्या ॲलर्जीची लक्षणे आहेत. अशा व्यक्तीला आयसोलेट अधिक घातक, कारण त्यात तीच प्रथिने अधिक असतात. ‘शर्करा नाही म्हणून चालेल’ असे त्यास कदापि सांगू नये.

औषधविक्रेत्यांसाठी

दुकानात हा ग्राहक बहुधा आपल्याकडेच आधी येतो आणि ‘गॅससाठी काहीतरी द्या’ म्हणतो. त्याला तीन प्रश्न विचारावेत : पूड कोणती, ती कशातून घेता, आणि एका वेळी किती? दुधातून घेत असल्यास चार दिवस पाण्यातून घेऊन पाहण्यास सांगणे हा बिनखर्चाचा आणि निरुपद्रवी प्रयोग आहे. पाचकद्रव्ययुक्त पूड मागितल्यास घटक वाचून दाखवावेत. पपेन, ब्रोमेलेन ही प्रथिने फोडणारी द्रव्ये आहेत. दुग्धशर्करेवर ती काहीच करत नाहीत. दुग्धशर्करेसाठी लॅक्टेजच हवे, आणि त्याची गोळी पहिल्या घोटासोबत घ्यावी लागते. फुगारा धरल्यानंतर घेतलेली गोळी वाया जाते.

वैद्यबंधुभगिनींना विनंती एवढीच की व्यायाम करणारा तरुण द्रवमलप्रवृत्तीची तक्रार घेऊन आला तर नाडी व जिव्हेइतक्याच आस्थेने त्याचा डबाही पाहावा, तो ज्या मापाने व ज्या अनुपानातून पूड घेतो ते माप विचारावे, आणि आपण सांगितलेल्या अनुपानाचे दूधही त्याच बेरजेत धरावे.